टोकन नंबर ३१२

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता कोणी ना कोणी संगणकावर हिशेब ठेवणारे आहे. कोणी बँकेत, कोणी गिरणीत, कोणी गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात एक्सेलच्या चौकटी भरीत असतो. चौकट भरणाऱ्याच्या हातून केव्हा तरी चूक होते, आणि ती प्रथम त्याला एकट्यालाच दिसते. त्या क्षणी खोलीत दुसरे कोणी नसते. साहेब घरी गेलेले असतात, आणि चुकीची बातमी फक्त आपल्या दोन डोळ्यांपुरती असते. पुढचे दोन-चार तास मनुष्य काय करतो, हे सांगण्यासारखे आहे. आमच्यावर हा प्रसंग २०१९ च्या ऑक्टोबरात आला. तो आज जसा घडला तसा लिहितो.

त्या वेळी आम्ही इंदूरहून रोज कंपनीच्या बसने पीथमपूरला जात असू. तिथल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी, रजा आणि ओव्हरटाइम यांचा हिशेब आमच्याकडे होता. दर कामगाराला टोकन नंबर असे. ओव्हरटाइमचे तास विभागाविभागांकडून येत. त्या तासांना ज्याच्या-त्याच्या दराने गुणून रक्कम काढायची, ती साहेबांच्या सहीने बँकेत धाडायची आणि पगाराच्या चिठ्ठीवर छापायची, एवढे ते काम. हा हिशेब पूर्वी हाताने होत असे. तो एक्सेलमध्ये आम्हीच बसवला होता, आणि खरे सांगायचे तर त्याचा आम्हाला थोडा तोराही होता. कोणाचे शीट अडले की लोक आमच्या टेबलाशी येत.

शुक्रवार, ता. ११ ऑक्टोबर. दसरा नुकताच झाला होता आणि दिवाळी पंधरवड्यावर आली होती. कामगारांना सणाची उचल द्यायची होती, म्हणून मागील महिन्यांच्या कमाईची यादी आम्ही टोकन नंबरांच्या क्रमाने लावीत होतो. यादी तळाशी आली तेव्हा शेवटच्या ओळींत दर तासाला १२० रुपये हा आकडा एकाखाली एक दिसू लागला. मोजल्या तर बारा ओळी होत्या. टोकन ३११ चा दर १२० होता, ते ठीक होते. तो आमचा जुना जोडारी. पण ३१२ पासून ३२२ पर्यंतचे अकरा जण १ ऑगस्टला नव्याने लागले होते. त्यांत सात हेल्पर होते आणि चार टर्नर. हेल्पर आणि टर्नर यांना एकच दर कसा असेल? नेमणुकीच्या पत्रांप्रमाणे हेल्परला ओव्हरटाइमचे तासाला १०० रुपये आणि टर्नरला १६० रुपये मिळायला हवे होते. ते दर दरयादीत आम्हीच आमच्या हाताने लिहिले होते.

महिन्याच्या हिशेबात ही गोष्ट नजरेस आली नव्हती, याचेही कारण होते. त्या शीटमध्ये नावे विभागवार येत. नवे अकरा जण पाच विभागांत विखुरले होते, त्यामुळे त्यांचे १२० चे आकडे इतर आकड्यांत मिसळून जात. यादी टोकनप्रमाणे लावली आणि ते सारे एका रांगेत उभे राहिले. एकाच आकड्याची अशी लांब रांग, आणि तीही यादीच्या शेवटी, दिसली की समजावे, शोधणाऱ्या सूत्राला काही सापडलेले नाही. जे शेवटचे हाती लागले तेच तो देत बसला आहे.

आमचे सूत्र असे होते :

```
=VLOOKUP(A2,RATE!$A$2:$C$312,3)
```

याचा साधा अर्थ असा. A2 मधला टोकन नंबर घे, तो RATE नावाच्या पानावर दुसऱ्या ओळीपासून ३१२ व्या ओळीपर्यंत शोध, आणि त्याच ओळीतल्या तिसऱ्या रकान्यातला दर आणून दे. पहिली ओळ मथळ्याची असल्यामुळे टोकन ३११ हा ३१२ व्या ओळीत होता. सूत्राची हद्द तिथेच संपत होती. अकरा नव्या माणसांचे दर आम्ही त्याखाली, ३१३ व्या ओळीपासून लिहिले. दर पानावर होते, पण सूत्राच्या कुंपणाबाहेर. ही आमची पहिली चूक.

ही एवढीच चूक असती तर मात्र ती पहिल्याच दिवशी उघडकीस आली असती. नंबर सापडला नाही की एक्सेल #N/A असे लिहिते आणि माणूस चपापून बघतो. आमच्या शीटमध्ये ते झाले नाही, कारण दुसरी चूक पहिलीच्या आड उभी होती. VLOOKUP ला चौथी एक सूचना द्यावी लागते : नेमका तोच नंबर हवा की जवळचा चालेल. ती सूचना दिली नाही तर एक्सेल 'जवळचा चालेल' असे धरून चालते. जवळचा म्हणजे, मागितलेल्या नंबराहून लहान असलेल्यांत सर्वांत मोठा. ही सोय निरर्थक नाही. आयकराचे टप्पे काढायला ती उत्तम. साडेसहा लाखांचे उत्पन्न यादीत नसते, पाच लाखांपासून सुरू होणारा टप्पा असतो, आणि तोच आपल्याला हवा असतो. पण माणसांचे टोकन नंबर म्हणजे टप्पे नव्हेत. एखाद्या पोस्टमनच्या वहीत गल्लीतली घरे ३११ पर्यंतच लिहिलेली असावीत आणि पुढच्या अकरा घरांची मनिऑर्डर त्याने निमूटपणे ३११ च्या दाराच्या हिशेबाने वाटावी, तसे हे झाले.

आता कोणी विचारील, हे सूत्र आधी दोन वर्षे बरोबर कसे चालले? ज्याचा नंबर यादीत आहे, आणि यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे, त्याला 'जवळचा' शोधही नेमका त्याचाच दर देतो. बिघाड दिसतो तो यादीबाहेरचा माणूस आला तेव्हाच. दोन वर्षांचे बरोबर उत्तर हा सूत्राच्या खरेपणाचा पुरावा नव्हता. त्या काळात नवे कोणी लागले नव्हते, एवढेच.

साहेब चारच्या सुमारास इंदूरला गेले होते. आम्ही कारण समजताच काय केले, ते प्रामाणिकपणे लिहितो. प्रथम दार लावून घेतले. मग मनात आले, की सूत्र आत्ता दुरुस्त करावे आणि अकरा जणांचा फरक ऑक्टोबरच्या ओव्हरटाइममध्ये 'मागील फरक' म्हणून हळूच घालून टाकावा. कोणाला कळणार? वार्षिक वेतनवाढीचे कागद त्याच महिन्यात साहेबांच्या टेबलावर होते, हेही आठवत होते.

दहा मिनिटे तो विचार आम्ही बाळगला. तो मोडला तो सद्गुणाने नव्हे, कागदपत्रांच्या विचाराने. सप्टेंबरचे शीट दुरुस्त केले असते तर ते बँकेला गेलेल्या यादीशी जुळले नसते. कामगारांच्या हातातल्या चिठ्ठ्यांवर १२० हा दर छापलेला होता. खर्चाचा तक्ता मुख्य कार्यालयाला पोचला होता. जानेवारीत हिशेब-तपासनीस येऊन नेमणुकीच्या पत्रांशी दर ताडून पाहणार होते. चूक एका ठिकाणी होती, तिच्या नकला चार ठिकाणी गेल्या होत्या. आमच्या शीटमधली मूळ प्रत बदलली असती, तर चुकीची लबाडी झाली असती.

म्हणून पहिले काम हे केले, की ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या दोन्ही फायली जशा होत्या तशा ठेवून त्यांच्या नावापुढे paid हा शब्द लावला आणि त्या केवळ वाचण्यापुरत्या करून टाकल्या. दुरुस्ती करायची ती वेगळ्या प्रतीत, जिच्या नावापुढे revised. पैसे कोणत्या हिशेबाने गेले, हे दाखवणारा कागद चुकीचा असला तरी तोच खरा दस्तऐवज असतो.

मग प्रतीत तीन रकाने वाढवले : दिलेला दर, योग्य दर, आणि त्या दोहोंच्या अंतराला तासांनी गुणून आलेला फरक. योग्य दर आणण्यासाठी सूत्र असे लिहिले :

```
=VLOOKUP(A2,RATE!$A:$C,3,FALSE)
```

यात दोन बदल आहेत. ओळींचे आकडे काढून टाकले, त्यामुळे संपूर्ण रकाना शोधला जातो आणि खाली कितीही नावे वाढली तरी कुंपण आड येत नाही. शेवटी FALSE लिहिले, म्हणजे नेमका तोच नंबर, नाहीतर #N/A. नंतर आम्ही मुद्दाम ९९९ हा कोणाचाच नसलेला टोकन नंबर घालून पाहिला. जुन्या सूत्राने शांतपणे १२० रुपये दर दिला. नव्याने #N/A लिहिले. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. वाचकांनी आपल्या घरच्या किंवा कचेरीच्या शीटवर ती अवश्य करून पाहावी. जे सूत्र अस्तित्वात नसलेल्या माणसालाही पगार देते, ते असलेल्याला बरोबर देईलच असे नाही.

एक इशारा येथेच देतो. पुष्कळांना #N/A चे ते कुरूप अक्षर आवडत नाही, म्हणून ते सूत्राला IFERROR चे पांघरूण घालतात आणि त्या जागी शून्य आणतात. तसे केले की आरडाओरडा करणारे सूत्र पुन्हा मुके होते, आणि दर १२० ऐवजी शून्य लागतो, इतकाच फरक. नव्या एक्सेलमध्ये XLOOKUP म्हणून एक सूत्र आले आहे. ते न सांगताही नेमकाच नंबर शोधते. ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी ते वापरावे.

फरकाच्या रकान्यात शून्य नसलेल्या ओळी गाळून काढल्या. दोन महिन्यांच्या मिळून बावीस निघाल्या, म्हणजे अकरा माणसे गुणिले दोन. बाकी सर्व ओळींत शून्य. जुलैची फाइल उघडून तोच प्रयोग केला. तिच्यात एकही फरक नव्हता. तेव्हा चूक केव्हा सुरू झाली आणि कोणापर्यंत पोचली, या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळाले.

रकमेचे उत्तर मात्र आम्हाला थबकवणारे होते. चार टर्नरांचे दोन महिन्यांचे ओव्हरटाइमचे तास होते १६०. त्यांना तासाला ४० रुपये कमी गेले, म्हणजे ६,४०० रुपये. सात हेल्परांचे तास होते २७५. त्यांना तासाला २० रुपये जास्त गेले, म्हणजे ५,५०० रुपये. कमी आणि जास्त एकमेकांत वळते केले तर दोन महिन्यांत अवघे ९०० रुपये. महिन्याच्या सुमारे दोन लाखांच्या ओव्हरटाइममध्ये साडेचारशे रुपयांचा फरक कोणाला दिसणार? एकूण बेरीज पाहून साहेब सही करीत, आणि ती बेरीज नेहमीसारखीच दिसत होती. दोन उलट्या चुकांनी एकमेकींना झाकले होते.

येथे दुसरा मोह आला, आणि तो पहिल्याहून सूक्ष्म होता. सांगायचे तर सांगावे, पण 'दोन महिन्यांत नऊशे रुपयांचा फरक आढळला' असे सांगावे. वाक्य खोटे नव्हते. पण ज्या टर्नराने ४६ तास काम करून १,८४० रुपये कमी घेतले, त्याच्या दृष्टीने त्या नऊशेला काहीच अर्थ नव्हता. वळता केलेला आकडा कंपनीच्या तिजोरीचा असतो, माणसांचा नसतो. चुकीचा कबुलीजबाब द्यायचा तर दोन्ही बाजू वेगळ्या सांगाव्यात : कोणाचे किती देणे आहे, आणि कोणाकडे किती जास्त गेले आहे.

रात्री आठच्या बसने आम्ही रामबागेतल्या घरी आलो. सौ.नी मुद्रा पाहूनच विचारले. सगळे सांगून झाल्यावर उद्या साहेबांपुढे काय बोलायचे, ते आम्ही त्यांना म्हणून दाखवले. आमचे भाषण VLOOKUP च्या स्वभावापासून सुरू होत होते. एक्सेलने चौथी सूचना न मागता कशी गृहीत धरली, नवे लोक कसे अचानक लागले, विभागांनी तास कसे उशिरा पाठवले, वगैरे. सौ.नी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अहो, यात तुमची चूक कुठे आली? मला तर वाटलं, कोणा एक्सेलरावांनी केली." आम्ही गप्प बसलो. मग एक कोरा कागद घेऊन पुन्हा लिहायला बसलो. या खेपेस पहिल्या ओळीत चूक, दुसऱ्या ओळीत माणसे आणि रकमा, तिसऱ्यात आज काय अडले आहे ते, चौथ्यात आमची सूचना. कारणे सर्वांत शेवटी, आणि तीही विचारली तर.

घाईचे एक कारणही होते. त्या वेळी ओव्हरटाइमची रक्कम ईएसआयच्या वर्गणीसाठी मजुरीत धरावी लागे, आणि महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असे. ऑगस्टची भरून झाली होती. सप्टेंबरची मंगळवारपर्यंत भरायची होती, आणि ती चुकीच्या आकड्यांवर भरण्याची तयारी आमच्याच टेबलावर होती. सोमवारपर्यंत धीर गोळा करीत बसलो असतो, तर एक दुरुस्त होऊ शकणारी गोष्ट हातची गेली असती. आणखी खोल तपास करायला आम्हाला दोन दिवस हवे होते खरे. पण पसारा किती हे कळले होते, आणि तेवढे कळल्यावर थांबणे हे तपासाच्या नावाखाली लपणेच झाले असते.

शनिवारी सकाळी पोहे घशाखाली उतरले नाहीत. इंदूरच्या माणसाने हे लिहावे यावरून काय ते ओळखावे. दहा वाजता साहेब आले. त्यांनी चहा मागवण्याच्या आधीच आम्ही आत गेलो आणि उभ्यानेच म्हणालो, "साहेब, ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या ओव्हरटाइममध्ये माझ्याकडून चूक झाली आहे. नव्या अकरा जणांना चुकीचा दर लागला. चार टर्नरांना मिळून ६,४०० रुपये कमी गेले, सात हेल्परांना मिळून ५,५०० जास्त. अजून कोणाच्या लक्षात आलेले नाही. ईएसआयचा सप्टेंबरचा भरणा मी थांबवला आहे. तो मंगळवारपर्यंत करायचा आहे." आणि कागद पुढे ठेवला.

साहेब मूळचे माळव्यातले. आमचे बोलणे हिंदीत झाले, ते येथे मराठीत देतो. ते रागावतील म्हणून आम्ही मान खाली घालून तयार होतो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि तीन प्रश्न विचारले. केव्हापासून? आम्ही जुलैची शून्ये दाखवली. हे आकडे आणखी कुठे गेले? आम्ही चार ठिकाणे सांगितली : बँक, चिठ्ठ्या, मुख्य कार्यालय, ईएसआय. तिसरा प्रश्न अवघड होता. "याखेरीज दुसरी चूक नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

तसे आम्ही म्हणूच शकत नव्हतो. आम्ही उत्तर दिले, "दरयादीशी प्रत्येक ओळ ताडून पाहिली आहे. पण दरयादी मीच लिहिली आहे, आणि ती नेमणुकीच्या पत्रांशी दुसऱ्या कोणी ताडलेली नाही." साहेबांनी ताबडतोब आस्थापना विभागातल्या एका सहकाऱ्याला बोलावून ते काम दिले. ज्याने चूक केली त्यानेच ती सुधारून आपणच तपासावी, हे त्यांना मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते. दुपारपर्यंत दरयादी बरोबर असल्याचे कळले. ते दोन तास आम्हाला आदल्या रात्रीहून मोठे वाटले.

दुसऱ्या कोणी चूक शोधली म्हणजे काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण आमच्याच जातीच्या चुकीचे आहे. दोन अर्थशास्त्रज्ञ, कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ, यांनी २०१० साली सरकारी कर्ज आणि देशाची वाढ यांवर एक निबंध लिहिला. अनेक देशांच्या धोरणांच्या चर्चेत त्याचा आधार घेतला गेला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांचे शीट मागवून पाहिले, तो सरासरीच्या सूत्राची हद्द ४९ व्या ओळीऐवजी ४४ व्या ओळीवर संपत होती. पाच देश कुंपणाबाहेर राहिले होते. निबंधावर इतरही आक्षेप होते आणि त्यांवर वाद झाला. पण ओळींची ही चूक त्या दोघांनी मान्य केली. तोवर मात्र ती साऱ्या जगाने वाचली होती. एवढ्या विद्वानांच्या शीटमध्येही कुंपण पाच ओळी आधी संपते, हे वाचून आम्हाला फार बरे वाटले, हे कबूल करतो.

आता उपाय. आमची सूचना अशी होती, की टर्नरांचे ६,४०० रुपये ताबडतोब द्यावेत, आणि हेल्परांचे ५,५०० ऑक्टोबर व नोव्हेंबरच्या पगारातून दोन हप्त्यांत वळते करावेत. पहिला भाग साहेबांनी जागीच मंजूर केला. दुसरा खोडून टाकला. "दिवाळीच्या पगारातून कापायचे? चूक त्यांची आहे का?" जास्त गेलेली मजुरी पगारातून वळती करण्यास कायद्याने परवानगी होती, हे आम्ही वाचून ठेवले होते. पण परवानगी असणे आणि तसे करणे यांतला निर्णय आमचा नव्हता. चूक सांगणाऱ्याने उपाय जरूर न्यावा. परंतु त्यातला कोणता भाग हिशेबाचा आणि कोणता साहेबांचा, हे ओळखून न्यावा. आमच्या कागदावर दोन्ही एकाच ओळीत होते, ते चुकले. शेवटी ठरले असे, की हेल्परांना आधी समक्ष सांगावे, लेखी संमती घ्यावी, आणि जानेवारीपासून सहा हप्त्यांत रक्कम वळती करावी. ज्याचे ३९ तास होते, त्याचे ७८० रुपये, महिन्याला १३०.

ईएसआयचा सप्टेंबरचा भरणा सोमवारी दुरुस्त आकड्यांनी झाला. ऑगस्टच्या फरकाचा पूरक भरणा नंतर केला. मुख्य कार्यालयाला साहेबांच्या सहीने दुरुस्तीचे पत्र गेले. त्यात जुन्या आणि नव्या दोन्ही रकमा होत्या. शीटमध्ये आम्ही एक रकाना कायमचा वाढवला :

```
=COUNTIF(RATE!$A:$A,A2)
```

हा टोकन दरयादीत किती वेळा आला आहे, ते तो मोजतो. उत्तर १ असले पाहिजे. शून्य असेल तर माणूस यादीत नाही. २ असेल तर तो दोनदा लिहिला गेला आहे, आणि VLOOKUP त्यांतला वरचा दर उचलणार. महिन्याच्या सहीआधी हा रकाना दुसऱ्या कोणी तरी पाहून आद्याक्षरे करावीत, असा नियम झाला. शिवाय तळाची एकूण बेरीज एकटी न दाखवता टर्नर, जोडारी, हेल्पर अशा वर्गांच्या बेरजा आणि त्यांचा तासागणिक सरासरी दर दाखवू लागलो. हेल्परांचा सरासरी दर शंभराच्या वर गेला की आता डोळ्यांत भरतो. त्यांना दर शंभराचाच आहे, तो वाढेल कसा?

आमचे काय झाले, हे वाचकांना वाटेलच. साहेबांनी आम्हाला लेखी समज दिली. आपण होऊन सांगितले म्हणून ती मिळणार नाही, अशी एक भाबडी आशा आम्हाला होती. ती फोल ठरली. समजपत्रात मात्र शेवटी एक ओळ होती, की चूक संबंधिताने स्वतः शोधून उपायासह निदर्शनास आणली. वेतनवाढ थांबली नाही. जानेवारीत तपासनीस आले तेव्हा साहेबांनी दुरुस्तीची फाइल त्यांच्यापुढे प्रथम ठेवली, आणि त्यांनी पाने उलटून ती बाजूला सारली. एरवी ज्या एका गोष्टीवर तीन दिवस गेले असते, तिला वीस मिनिटेही लागली नाहीत.

साहेबांनी एक काम आमच्यावर टाकले होते, ते सर्वांत जड होते. चारही टर्नरांना आम्हीच बोलावून सांगायचे. सोमवारी दुपारच्या सुट्टीत ते खिडकीशी आले. आम्ही दर सांगितला, तास सांगितले, फरकाची रक्कम सांगितली आणि माफी मागितली. ४६ तास काम केलेला, टोकन नंबर ३१२, हात पुसत म्हणाला, "साहब, चिठ्ठी पे एक सौ बीस देखा तो था. हमने सोचा, नये आदमी का यही रेट होता होगा."

दोन महिने तो त्या खिडकीवरून जात होता. आम्ही त्याला सुधारलेली चिठ्ठी दिली. त्याने ती दोनदा वाचली, १६० या आकड्यावर बोट ठेवले, आणि शेजारच्या हेल्पराला, ज्याचे १३० महिन्याला कापायचे होते, ती दाखवायला घेऊन गेला.